शोरूमआधी वर्कशॉप

गाडी बुक करण्याआधी आज रत्नागिरीत त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन बसलो. चहा शोरूमसारखा नव्हता, माहिती मात्र खरी मिळाली. सर्व्हिस झालेली गाडी न्यायला आलेले एक काका म्हणाले, "सर्व्हिस दुपारपर्यंत होते हो, पण ब्रेक पॅड मुंबईहून येईपर्यंत चार दिवस गाडी इथेच!"

त्यांच्या बिलात अंडरबॉडी कोटिंग होतं. खाऱ्या हवेत ते हवंच, यात वाद नाही. पण मेकॅनिकच हळूच म्हणाला, "खालून धुऊन पूर्ण सुकवायला लागतं, नायतर ओल आत अडकून गंज वाढतो." आणि शेजारच्या लिफ्टवर पाणी ठिबकणाऱ्या गाडीवर कोटिंगचा फवारा चालू!

बुकिंग तूर्तास थांबवलंय. सोमवारी दुसऱ्या कंपनीकडे जातोय, मुद्दाम गर्दीच्या वेळी.