‘जा ना’ आणि ‘जा की’

मराठी शिकणाऱ्यांसाठी दोन मैत्रिणींचा फोनवरचा संवाद रेकॉर्ड करत होतो. संहिता माझ्या हाती दुरुस्तीसाठी होती. पहिलंच वाक्य अडलं: ‘मी येऊ शकणार नाही, कारण माझी प्रकृती बरी नाही, परंतु तू अवश्य जा.’ व्याकरण चोख, पण मैत्रीण मैत्रिणीशी असं बोलत नाही. दोघी कलाकार चांगल्या होत्या, तरी नोटीस वाचल्यासारखं वाटत होतं.

लेखकाने जागच्या जागी उपाय केला: ‘अगं म्हणजे बघ ना, म्हणजे मला ना, म्हणजे बरं नाहीये.’ यानेही काम बिघडलं. ‘म्हणजे’ आला की पुढे काहीतरी उलगडून सांगणार असं ऐकणाऱ्याला वाटतं. तो तीनदा येऊन काहीच उलगडलं नाही, तर बोलणारी थाप मारतेय असा संशय येतो.

मग ‘कारण’ आणि ‘परंतु’ काढले, त्यांच्या जागी दुसरं काही भरलं नाही. राहिलं ते असं: ‘अगं, मला नाही जमायचं उद्या. बरं नाहीये ना. तू जा की.’ इथे ‘कारण’चं काम वाक्याच्या शेवटचा ‘ना’ करतो, शिवाय समोरचीने ते समजून घ्यावं अशी अपेक्षाही त्यात येते. ‘उद्या’ क्रियापदानंतर गेल्यामुळे वाक्य आठवेल तसं बोलल्यासारखं झालं.

‘तू जा की’वर बराच वेळ गेला. ‘जा ना’ म्हणजे गळ घालणं; सूर चढला तर ‘निघ आता इथून’ असंही होतं. ‘जा की’त ‘तुला कोणी अडवलंय?’ हा भाव असतो. म्हणून मैत्रिणीला शोभतं, सासऱ्यांना ‘या की’ म्हटलं तर आगाऊपणा वाटू शकतो. तिथे ‘या ना’ बरं. अर्थात काही बोलींत ‘की’ इतका सढळ वापरतात की हा रोख उरतच नाही.

वाचताना मात्र ‘मला ना’ने सुरू होणाऱ्या पुढच्या एका वाक्यात ‘ना’ पुन्हा बिघडला. कलाकार ‘मला’ म्हणून थांबायची आणि मग ‘ना’ म्हणायची. त्याने प्रश्न विचारल्यासारखं व्हायचं. ‘मला ना’ एका दमात म्हणायचं, थांबायचं ते त्याच्यानंतर. संहितेत ‘मला ना,’ असा स्वल्पविराम दिला आणि अडचण सुटली.

शेवटी ‘सातच्या, आपलं, आठच्या गाडीने जा’ हे वाक्य होतं. हा ‘आपलं’ चूक सावरणारा, मालकी सांगणारा नव्हे. त्यावर जोर आला की ‘आपली गाडी’ डोळ्यांसमोर येते. तो झटकन, सपाट म्हणायचा आणि वजन ‘आठच्या’वर टाकायचं. खरंखुरं चुकल्यासारखं वाटावं म्हणून ‘सातच्या’ मात्र पूर्ण खात्रीने म्हणायला लावलं. तिथे चाचरलं की पुढची दुरुस्ती ठरवून केलेली वाटते.