ओट्याखालचे पाय

दुपारचं आवरून ओटा पुसत होते, तर मुंग्यांची रांग सिंकखालच्या पट्टीच्या टोकातून आत शिरताना दिसली. पट्टी म्हणजे ट्रॉल्यांच्या खाली, जमिनीलगत असते ती. फिटर तिला स्कर्टिंग म्हणतो, कॅटलॉगात प्लिंथ लिहिलेलं असतं. दोन्ही हातांनी पुढे ओढली की क्लिपा खटाखट सुटतात आणि स्वयंपाकघराचा एरवी कुणाला न दाखवलेला भाग उघडा पडतो. मुंग्या राहिल्या बाजूला. मी फतकल मारून खालचे काळे प्लास्टिकचे पायच बघत बसले.

लांबून ते सगळे एकसारखे वाटतात. जवळून पाहिलं तर दाराकडचे बुटके आणि सिंककडचे उंच. बुटक्यांच्या तळाची चकती नळीला जवळजवळ चिकटलेली आहे, तर सिंककडच्यांचे आटे चांगले बोटभर बाहेर आलेत. वरचा ग्रॅनाइट पाणसळीत आणि खाली ही चढउतार.

दोष फरशीचा नाही. आमची इमारत जुनी, मोझेकची फरशी. त्या काळचा गवंडी स्वयंपाकघराला ढाळ द्यायचा तो विचार करून द्यायचा. बादलीभर पाणी ओतायचं, खराट्यानं लोटायचं आणि ते आपसूक मोरीकडे गेलं पाहिजे. साताऱ्याला आजीकडे दर शनिवारी हा सोहळा असे. शहाबादी फरशीवर पाणी ओतलं की आम्ही मुलं त्यात चिंचोके सोडायचो आणि कुणाचा आधी मोरीत पोचतो यावर भांडायचो. त्याच स्वयंपाकघरात दुधाचं जाळीचं कपाट होतं. मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे चार पाय पाण्यानं भरलेल्या चार वाट्यांत. ढाळामुळे वाट्या कलायच्या, पाणी एका काठाला टेकायचं. मग आजी कौलाचा तुकडा घेऊन खाली बसायची, वाटीखाली सरकवायची, पाणी काठाला समान झालं का ते बघायची आणि नसेल तर दुसरा, जरा पातळ तुकडा शोधायची. दिवाळीच्या आधी कपाट हललं की सगळे तुकडे पुन्हा नव्यानं.

आमच्या फिटरकडे लेझर नव्हता. त्याचंही काम पाण्यावरच, लांबलचक पारदर्शक नळीतल्या. नळीचं एक टोक मला धरायला लावलं. “काकू, बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर लेव्हल खोटं बोलतं.” दोन्ही टोकांचं पाणी जिथे स्थिरावलं तिथे भिंतीवर खुणा केल्या, त्या जोडून रेघ मारली आणि रेघेपासून फरशीपर्यंत टेपनं ठिकठिकाणी मोजत गेला. दाराच्या कोपऱ्यात अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर, मध्ये नव्व्याण्णव, सिंकशी शंभर. जिथे माप सगळ्यांत कमी तिथे जमीन सगळ्यांत उंच, म्हणून ट्रॉल्यांचं पहिलं खोकं दाराच्या कोपऱ्यात. मला वाटत होतं, नळ सिंककडे, तर तिकडूनच सुरुवात करतील. पण हे पाय मुळात 100 मिलिमीटरचे. ते वर जायला राजी, खाली उतरायला जवळजवळ नाहीच. सिंकपाशी 100 ठेवून निघालो असतो, तर दाराशी पोचेपर्यंत 80 चा पाय लागला असता, आणि तो आटे कितीही आत फिरवले तरी होत नाही. मग सगळी खोकी पुन्हा उचला. उंच टोकाला 100 धरला की सिंककडे 120 होतो, आणि तेवढे आटे पायात असतात. ढाळ याहून जास्त असेल तर मात्र आटे शेवटपर्यंत बाहेर काढत बसू नये, पाय डुगडुगतो. तिथे मोठ्या मापाचेच पाय घ्यायचे.

पुढचे पाय हातानं फिरवता येतात. मागच्यांसाठी तो पालथा पडून भिंतीपर्यंत हात घालत होता, आणि मी वरून पाणसळीचा बुडबुडा वाचत होते. “थोडं वर, अजून, बस.” प्रत्येक खोकं मागेपुढे आणि आडवं असं दोन्हीकडून पाहायचं, शेजारच्याशी धार मिळवायची आणि मगच दोन्हींना एकमेकांत स्क्रू मारायचे. पायाची वरची टोपी त्यानं कडेच्या उभ्या फळीखाली थोडी बाहेर काढून बसवली होती. ग्रॅनाइटचं ओझं उभ्या फळीतून थेट पायात उतरलं पाहिजे. टोपी नुसती तळाच्या फळीला लावली तर सगळा भार त्या स्क्रूंवर येतो.

पट्टीवरून मात्र जुंपली. दुकानातून आलेली पट्टी चार इंची, म्हणजे पायाच्या मूळ मापाची. दाराशी ती चपखल बसली आणि सिंककडे जमिनीपासून बोटभर वर राहिली. “सिलिकॉन भरून देतो,” तो म्हणाला. एवढ्या फटीत सिलिकॉन म्हणजे झुरळांना उंबरठा बांधून देणं. शेवटी सहा इंची पट्टी आणली आणि ती तिरकी कापली, एका टोकाला दहा सेंटिमीटर, दुसऱ्याला बारा. कापली ती वरच्या बाजूनं. खालच्या कडेला रबराची पातळ ओठी असते, ती फरशीचे बारीकसारीक उंचवटे झाकते आणि पोछ्याचं पाणी आत जाऊ देत नाही. वरची कापलेली कड खोक्याखाली आत राहते, ती वाकून कोण बघणार? प्लायची पट्टी असेल तर हे आणखीच पाळावं, कारण उघडी कड खाली आली की ती पाणी पिते आणि फुगते. मागच्या क्लिपा पायांना मिठी मारून बसतात, म्हणून पायांसमोर त्यांच्या जागा आधी खुणा करून घ्याव्या लागतात.

तर त्या दुपारी, आता बसलेच आहे म्हणून, एकेका पायाची चकती बोटांनी फिरवून पाहिली. भार असलेला पाय सहजी फिरत नाही. मधला एक गरकन फिरला. म्हणजे तो जमिनीवर उभाच नव्हता, नुसता लटकत होता. त्याच्यावरचा ड्रॉवर गेले काही महिने आपोआप दोन बोटं उघडा राहतो आणि आम्ही चॅनेलला तेल देतोय! चकती जमिनीला टेकेपर्यंत फिरवली आणि तिथेच थांबले. वर ग्रॅनाइट बसल्यावर पाना लावून पाय आवळायचा नाही. दगड उचलला गेला तर तो सिंकच्या नाहीतर शेगडीच्या कापापाशी तडकतो, तिथे त्याची पट्टी अरुंद असते. ड्रॉवर सुधारला का ते अजून कळत नाहीये. कदाचित चॅनेलही गेलं असेल.

सासूबाई तेवढ्यात चहा टाकायला आल्या. त्या चार फूट दहा इंच, ओटा चौतीस इंच. ओट्याची उंची कोपरापासून चार बोटं खाली हवी, या हिशेबानं त्यांना बत्तीस पुरले असते. भाजी चिरताना त्यांचे खांदे वर जातात, मग त्या विळी घेऊन खाली बसतात आणि म्हणतात, सवय आहे. पाय खाली उतरत नाहीत, म्हणजे खोकीच दोन इंच बुटकी करायला हवी होती, आणि तीही प्लाय कापायच्या आधी. फिटरनं फरशी तीन जागी मोजली. घरात रोज या ओट्याशी कोण उभं राहतं, ते त्यानं विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.