आमच्या घरातल्या तीन एक जानेवारी

अण्णांच्या पेन्शनसाठी घरातली सगळी आधार कार्डं एकदा टेबलावर मांडली, तेव्हा लक्षात आलं की आजी, अण्णा आणि आई तिघंही एक जानेवारीला जन्मलेत. साल तेवढं वेगळं. आई म्हणाली, "एकच केक आणायचा, स्वस्तात काम."

अण्णा सूतगिरणीतून मे २०२३ अखेरीस निवृत्त झाले. गिरणीच्या आणि पीएफच्या दप्तरी त्यांची जन्मतारीख १ जून १९६५, म्हणजे १ जून २०२३ ला अठ्ठावन्न पूर्ण. आधारवर मात्र ०१/०१/१९६६. फरक अवघा सात महिन्यांचा, पण तारखा जुळत नाहीत म्हणून पीएफच्या खात्याला आधार जोडला जाईना, आणि आधार जोडल्याशिवाय पेन्शनचा फॉर्म १०-डी ऑनलाइन पुढे सरकेना.

आधारवर ही तारीख आली कुठून? २०११ च्या एप्रिलमध्ये गावच्या समाजमंदिरात आधारचा कॅम्प लागला होता. अण्णा रेशनकार्ड आणि मतदार ओळखपत्र घेऊन गेले, दहावीचं सर्टिफिकेट ट्रंकेत राहिलं. लॅपटॉपवरच्या मुलाने विचारलं, "काका, वय?" अण्णा म्हणाले, "पंचेचाळीस." त्याने पंचेचाळीस टाकलं, मशीनने २०११ मधून वजा केलं आणि १९६६ निघालं. पोस्टाने आलेल्या पहिल्या कार्डावर "जन्म वर्ष : १९६६" एवढंच छापलेलं होतं, आणि ते तसं प्रामाणिकच होतं. पुढे कधीतरी ई-आधार डाउनलोड केलं, तर तिथे पूर्ण तारीख बसलेली.

मी दिवसभर एक्सेलमध्ये असतो, त्यामुळे यातली गोम मला लगेच कळली. तारखेच्या रकान्याला अर्धी तारीख समजत नाही. दिवस, महिना, साल तिन्ही लागतात. खात्री नसेल तर करून बघा: तारखेचा फॉरमॅट दिलेल्या सेलमध्ये नुसतं १९६६ टाका. एक्सेल १९ मे १९०५ दाखवतं, कारण ते आकड्याला १९०० पासूनचे दिवस समजतं. म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी सोपा नियम ठेवला, की नुसतं साल माहीत असेल तर त्या सालचा पहिला दिवस धरायचा. त्यात कुणाची लबाडी नाही. घोटाळा पुढे होतो. ०१/०१/१९६६ कडे बघून हा खरंच एक जानेवारीला जन्मलाय की नुसतं साल माहीत होतं, हे ओळखता येत नाही. आधारच्या नोंदीत त्यासाठी वेगळी खूण असते: कागद बघून नोंदवलेली तारीख, नुसती सांगितलेली तारीख आणि वयावरून अंदाजे काढलेली तारीख. पण ती खूण कार्डावर छापत नाहीत, आणि पलीकडच्या खिडकीतला माणूस कार्डच बघतो. २०१७ साली हरिद्वारजवळच्या गैंडीखाता गावात शेकडो जणांच्या आधारवर एक जानेवारी आल्याची बातमी झाली होती, त्यामागेही हेच.

दिवस-महिना मानीव हे ठीक. पण सालही चुकू शकतं, हे मला कागदावर आकडे मांडल्यावर कळलं. एप्रिल २०११ मध्ये ज्याला पंचेचाळीस पूर्ण आहेत, तो एप्रिल १९६५ ते एप्रिल १९६६ या वर्षभरात कधीही जन्मलेला असू शकतो. त्यातले आठ-नऊ महिने १९६५ चे. वजाबाकी मात्र डोळे मिटून १९६६ सांगते. त्यात आपल्याकडे कुणी पूर्ण वय सांगतं, कुणी "सेहेचाळिसावं चालू" म्हणतं. अण्णांनी चालू वय सांगितलं असतं, तर साल बरोबर आलं असतं!

मग शाळेची तारीख तरी खरी का? तीही नाही. एक जून ही आपल्याकडची जुनी सरकारी जन्मतारीख. जूनमध्ये शाळा उघडायची, पहिलीला सहा पूर्ण लागायची. डोक्यावरून हात घेऊन पोराचा कान पलीकडून हाताला लागला, की गुरुजी त्याला सहा वर्षांचा करून टाकायचे. अण्णा १९७१ च्या जूनमध्ये पहिलीत बसले, मागे सहा वर्षं मोजली, १ जून १९६५.

आजीला विचारलं. आजीचं कॅलेंडर वेगळं. "पाकिस्तानची लढाई झाली त्या वर्षी. सोनं वाटून झालं आन् रात्री माझं पोट दुखाया लागलं." १९६५ ची लढाई सप्टेंबरात थांबली आणि त्या वर्षी दसरा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होता. शिवाय डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा दोन वर्षांच्या अण्णांना कडेवर घेऊन ती अंगणात पळाली होती. सगळं जुळतं. म्हणजे खरी तारीख शाळेच्या तारखेनंतर चार महिन्यांनी आणि आधारच्या तारखेआधी तीन महिन्यांनी. तिला कागदाचा आधार शून्य.

गिरणीच्या ऑफिसातल्या क्लार्कने सोपा मार्ग सुचवला होता: पीएफची तारीखच आधारप्रमाणे करून घ्या. संयुक्त घोषणापत्र भरायचं, कामगाराची आणि मालकाची सही. आम्ही भरलं. गिरणीत ते तीन महिने पडून होतं, त्या वेळी चिडचिड झाली. पण जानेवारी २०२४ मध्ये पीएफ संघटनेने जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधारच काढून टाकलं. आता दाखवायचा तो जन्माचा दाखला, बोर्डाची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला असा कागद. अर्ज परत आला. बरंच झालं म्हणायचं. तो मंजूर झाला असता, तर अण्णा कागदोपत्री सात महिने तरुण झाले असते आणि पेन्शनही तेवढीच उशिरा सुरू झाली असती.

म्हणजे बदलायचं ते आधार. ट्रंकेतून १९८१ चं दहावीचं बोर्डाचं सर्टिफिकेट काढलं. आधार केंद्रावर जाण्याआधी त्यावरचं नाव आधारशी अक्षर न् अक्षर ताडून बघितलं, कारण त्यात फरक असता तर तारखेआधी नावाचं लफडं निघालं असतं. पन्नास रुपये फी भरली. केंद्रावरच्या बाईंनी टाइप केलेली तारीख स्क्रीनवर दाखवून दोनदा वाचून घ्यायला लावली. "काका, जन्मतारीख एकदाच बदलून मिळते. नीट बघा."

अण्णा स्क्रीनकडे बघत थांबले. मला वाटलं, चष्मा लागत नाही. तर म्हणतात, "दसऱ्याची नाही का घालता येत?" बाई हसल्या. मी म्हटलं, अण्णा, जे सर्टिफिकेटवर आहे तेच घालायचं. पावतीवर अर्जाचा नंबर मिळाला, त्यावरून स्थिती बघत राहिलो. आठवडाभरात मेसेज आला आणि ०१/०६/१९६५ असलेलं नवीन ई-आधार उतरवून घेतलं. त्यावर, हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही, असंही छापलेलं होतं. ते वाचून अण्णांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

आधार पीएफला जोडलं गेलं, १०-डी भरला, दोन महिन्यांनी पेन्शन आली, मागच्या थकबाकीसकट.

बँकेत मात्र जुनीच केवायसी आहे. यंदाही एक जानेवारीला सकाळी सातला बँकेचा शुभेच्छांचा मेसेज आला. आजी-आईच्या फोनवरही आला. आईचं दुरुस्त करायचं तर तिच्याकडे शाळेचा कागद नाही, आणि तिच्या कुठल्याही कामात ती तारीख अजून आडवी आलेली नाही. म्हणून ते आम्ही तसंच ठेवलंय.