सायकलचं चित्र, प्रॉम्प्ट आणि छत्तीस आरे

चेनची साफसफाई आणि तेल देणं समजावणाऱ्या एका माहितीपत्रकासाठी मला सायकलचं चित्र हवं होतं. सरळ बाजूने दिसणारी, एकाच गिअरची साधी सायकल. चित्र एआयकडून काढून घ्यायचं ठरलं आणि संगणकावर एसडीएक्सएल मॉडेल होतंच. पत्रक चेनबद्दलचं, म्हणजे चेन चुकली तर सगळंच फुकट.

पहिली चित्रं लांबून झकास दिसायची. रंग, चमक, सावली, सगळं व्यवस्थित. जवळून बघितलं की एकेक गंमत सापडायची. एका चित्रात पॅडलपासून निघालेली नळी थेट पुढच्या चाकाच्या मधोमध जाऊन मिळाली होती. असं असेल तर हँडल वळणारच नाही. दुसऱ्यात चेन मागच्या चाकापर्यंत पोचण्याआधीच विरून गेली होती.

म्हणून आधी तपासायची पद्धत ठरवली, कारण नजर फसते. माणसांनाही सायकल आठवणीतून नीट काढता येत नाही. लिव्हरपूल विद्यापीठातल्या रिबेका लॉसन यांनी 2006 साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. मी बोट मागच्या चाकाच्या आसावर ठेवते आणि नळ्यांवरून फिरवते. आसापासून एक नळी आडवी पॅडलच्या आसाकडे जाते, दुसरी तिरकी वर सीटखाली जाते. पॅडलच्या आसापासून एक नळी सीटकडे आणि एक हँडलखालच्या आखूड नळीकडे. त्या आखूड नळीतून सीटपर्यंत वरची दांडी. झाले दोन त्रिकोण, त्यातला पुढचा टोकाशी जरासा कापलेला. पुढच्या आसाला मात्र चिमट्याशिवाय काहीही जोडलेलं नसतं. बोट कुठे अडलं किंवा जादा नळीवर गेलं, की चित्र बाद.

प्रॉम्प्टमध्ये मी सुरुवातीला प्रत्येक नळीचं वर्णन लिहिलं होतं, कोणती कुठून कुठे जाते ते. उपयोग शून्य. असं मॉडेल वाक्य वाचून जोडणी करत नाही, शब्दांवरून एकूण चेहरामोहरा उचलतं. भागांची यादी जितकी लांब, तितके जादा भाग चित्रात उगवतात. «तिसरं चाक नको» असं लिहिणं तर धोक्याचंच, कारण त्यातलं «नको» हरवतं आणि «तिसरं चाक» उरतं. शेवटी टिकला तो हा आखूड मजकूर:

```
side view photo of one single-speed bicycle,
facing right, drive side visible, classic diamond frame,
horizontal top tube, whole bicycle visible,
plain light grey background
```

आणि चित्रात काय नको ते सांगणाऱ्या निगेटिव्ह प्रॉम्प्टच्या वेगळ्या रकान्यात:

```
extra wheel, second bicycle, derailleur, person, cropped
```

यातला सगळ्यात कामाचा शब्दसमूह `facing right`. चेन सायकलच्या उजव्या बाजूला असते, त्यामुळे तोंड उजवीकडे असेल तरच ती पुढ्यात दिसते. डावीकडे तोंड असलेली सायकल हवी असेल तर चित्र आडवं उलटवून चालत नाही. चेन चुकीच्या बाजूला जाते आणि सायकल चालवणारा ते लगेच ओळखतो. एकाच गिअरचा हट्टही मुद्दाम होता. गिअर बदलणारं यंत्र आलं की चेन खाली दोन छोट्या चक्रांतून नागमोडी जाते आणि तिथे मॉडेल हमखास गोंधळतं.

चाकांची संख्या कागदाच्या आकाराने सुधारली. सायकल साधारण 1.7 मीटर लांब आणि 1 मीटर उंच, म्हणून 1216×832 पिक्सेलचा आकार तिला जवळपास बेतल्यासारखा बसला. त्याहून बराच रुंद कागद दिला की रिकामी जागा भरायला मॉडेल आणखी एक चाक आणतं, नाहीतर अर्धी सायकल.

तरीही नळ्यांची जोडणी भरवशाची होईना. मग शब्दांवरचा भार कमी केला. इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन सारखी वर्तुळं, दोन त्रिकोण, चिमटा, पॅडलजवळचं चेनव्हील, मागचं छोटं चक्र आणि त्यांना वरून-खालून स्पर्श करणाऱ्या चेनच्या दोन रेषा असं रेखाटन केलं. ते कंट्रोलनेटच्या लाइनआर्ट मॉडेलला दिलं, म्हणजे चित्र त्या रेषांना धरून निघतं. जोर 0.8 ठेवला आणि चित्र घडण्याच्या शेवटच्या काही पायऱ्यांसाठी मोकळीक दिली. आता नळ्या जागच्या हलेनात. चेन दोन्ही टोकांना चक्रांना टेकली. खालची बाजू किंचित सैल दिसावी म्हणून तेवढाच पट्टा मास्क करून, म्हणजे वेगळा निवडून, पुन्हा काढून घेतला; जुनं चित्र किती बदलायचं ते ठरवणारा डिनॉइझचा आकडा 0.4 ठेवला.

आरे मात्र हटवादी निघाले. आसाजवळ त्यांचा लगदा, मध्येच दोन आरे एक झालेले, एखादा रिमपर्यंत न पोचलेला. प्रॉम्प्टमध्ये `36 spokes` लिहून फरक पडत नव्हता आणि हिशेब मांडल्यावर कारण कळलं. चित्रात सायकल सुमारे 1000 पिक्सेल लांब होती, म्हणजे एका पिक्सेलला 1.7 मिलिमीटर. आरा असतो 2 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम एक पिक्सेल. हे मॉडेल आतून चित्र आठपट लहान करून काम करतं, तेव्हा त्याचा एक कण म्हणजे 8×8 पिक्सेलचा चौकोन. रिमजवळ दोन आऱ्यांमध्ये तीसेक पिक्सेल अंतर असतं, तिथे निभावतं. चाकाच्या मधल्या हबच्या, म्हणजे आरे जिथून निघतात त्या भागाच्या, कडेवर तेच अंतर दोन-अडीच पिक्सेल होतं, म्हणजे एका कणात तीन आरे. ते वेगळे दिसणार कसे?

चाकापुरता भाग कापून 1024 पिक्सेलवर मोठा करून पुन्हा काढला. रिमकडचं चित्र सुधारलं, हबजवळ लगदा राहिलाच. म्हणून आरे हातानेच आखले.

याची रचना एकदा समजली की काम चटकन होतं. नेहमीच्या 36 आऱ्यांच्या चाकात हबच्या प्रत्येक कडेला 18 भोकं असतात, 20 अंशांवर एक. आरा भोकातून सरळ रिमकडे जात नाही, तिरका निघतो आणि त्याच कडेच्या तीन आऱ्यांना ओलांडतो. या तीन छेदांच्या विणीत रिमवरची जागा हबच्या भोकापासून 60 अंश सरकलेली असते. मी एक आरा काढला आणि 40-40 अंशांनी फिरवून त्याचे 9 केले. त्या नऊंची आरशातली प्रत 20 अंश फिरवली, एका कडेचे 18 झाले. हा सगळा गट 10 अंश फिरवून दुसऱ्या कडेसाठी मागे ठेवला. रिमवर दर 10 अंशांनी एक आरा बरोबर येऊन बसला.

मग एआयच्या चित्रातले आरे पुसून तिथे मागची करडी पार्श्वभूमी भरली आणि हे आरे नळ्या आणि चेन यांच्या मागच्या थरात बसवले. रेषा एकसारख्या काळ्या ठेवल्या तर चिकटवल्यासारख्या दिसतात. म्हणून वरच्या अर्ध्या भागात त्या थोड्या फिक्या केल्या आणि सगळ्यावर चित्राइतकीच अस्पष्टता दिली. मागच्या चाकात चेनव्हीलकडे येणारी चेन आऱ्यांच्या पुढून गेली पाहिजे, हे थर लावताना दोनदा पाहावं. आरे चेनच्या पुढे आले तर चेन चाकातून आरपार गेल्यासारखी दिसते.

तीन चतुर्थांश कोनातून दिसणाऱ्या सायकलला ही युक्ती चालत नाही. तिथे चाकं लंबवर्तुळ होतात, हबच्या दोन कडा वेगवेगळ्या दिसतात आणि आऱ्यांचे कोन सारखे राहत नाहीत. त्यासाठी त्रिमितीय मॉडेलवरून रेषा काढून कंट्रोलनेटला द्याव्या लागतात. पत्रकाला बाजूचंच दृश्य हवं होतं, त्यामुळे मी तिकडे वळले नाही.