२० तारीख, रात्रीचे पावणेबारा

ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, चक्कर आली. आईला फोनवर सांगितलं, ॲसिडिटी झाली होती. इथे तरी खरं लिहावं.

आज जीएसटीची थ्री-बी भरायची शेवटची तारीख. सकाळपासून पोर्टल रडत होतं आणि दोन क्लायंटची बिलं टू-बीशी जुळत नव्हती. पण गंमत अशी की त्या धावपळीत मला काहीच झालं नाही. शेवटचं रिटर्न तीन वाजून पस्तीस मिनिटांनी गेलं, मी खुर्चीत मागे टेकले, चहा आला आणि मग सुरू झालं.

आधी मानेमागून गरम काहीतरी वर चढलं. मग छातीत धडधड, इतकी की कुर्ता हलतोय असं वाटलं. श्वास घेत होते, पण तो पुरतच नव्हता, म्हणून आणखी जोरात घेत होते. ओठांभोवती मुंग्या आल्या. मग हाताची बोटं, घास उचलताना जुळतात तशी, आपोआप जुळली आणि तशीच अडकली. सोडवता येईनात. सगळ्यात जास्त घाबरले ती तेव्हा. हे हार्टचं आहे, किंवा अर्धांगवायू. सव्विसाव्या वर्षी, कीबोर्डवर डोकं ठेवून मी मरणार.

शेजारच्या टेबलावरच्या काकूंनी मला धरून बाहेरच्या बाकावर बसवलं. समोशांची कागदी पिशवी तोंडाला लावायला निघाल्या होत्या, मी मान फिरवली. तेव्हा मला वाटलं, हे सगळं तासभर चाललं. काकूंनी घड्याळ पाहिलं होतं. म्हणाल्या, "अगं, पंधरा मिनिटं पण नाही झाली."

खालच्या गल्लीतल्या दवाखान्यात त्याच घेऊन गेल्या. तिथे पोचेपर्यंत बोटं सुटली होती, तरी नाडी ११८. बोटाला चिमटा लावला तर ऑक्सिजन ९९. मी डॉक्टरांना म्हटलं, मशीन बिघडलंय, मला हवाच मिळत नव्हती. ते हसले नाहीत, हे बरं. ईसीजी काढला, तो नीट होता. मग म्हणाले, हा पॅनिक अटॅक दिसतोय, हवा कमी नव्हती पडली, जास्त झाली होती. आपण भराभर श्वास घेतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. त्याने रक्ताचा आम्लपणा कमी होतो, नसांना मिळणारं कॅल्शियम घटतं, म्हणून मुंग्या येतात आणि बोटं आखडतात. डोकं हलकं होतं तेही त्यातूनच. म्हणजे जितका जोरात श्वास ओढत होते, तितकं मीच ते वाढवत होते. हे ऐकून दिलासा मिळाला आणि स्वतःचा थोडा रागही आला.

पिशवीचं काकूंनीच विचारलं. डॉक्टर म्हणाले, नको. पॅनिक नसून दमा किंवा हृदयाचं काही असेल तर पिशवीत ऑक्सिजन कमी पडतो. त्यापेक्षा सोडायचा श्वास लांबवा, चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. मग मला विचारलं, झोप किती? चार तास. जेवण? डबा बॅगेतच. चहा? मोजला नव्हता, काकू म्हणाल्या, "हा सहावा होता." रक्त तपासायला सांगितलंय, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड.

एकदा झालं म्हणून लगेच आजार म्हणत नाहीत, असं ते म्हणाले. पुन्हा पुन्हा असं अचानक व्हायला लागलं आणि पुढचा कधी येईल या धास्तीने महिनाभर जागा, कामं टाळायला लागलीस, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. त्यावर उपचार आहेत, चांगले आहेत. मी मान हलवली. महिनाभर वगैरे दूरचं वाटलं.

आणि संध्याकाळी बसमध्ये गर्दी वाढली तशी मी दोन स्टॉप आधीच उतरले. पायांना मोकळं करू, असं मनाला सांगितलं. चालताना लक्षात आलं, सकाळच्या बससाठीही पर्याय शोधून झालाय, आणि सरांकडे जागा बदलून मागायची वाक्यंसुद्धा तयार आहेत. खिडकीजवळ हवं, पंख्याचा त्रास होतो. एका दिवसात एवढी तयारी!

जागा मागणार नाही. निदान उद्या तरी. त्याच खुर्चीत बसून बघते. चहा दोनच, आणि दीड वाजता डबा, रिटर्न असो नसो.

आईला रविवारी, घरी गेल्यावर समोर बसून सांगेन. फोनवर सांगितलं तर रात्रीच्या एसटीने निघून येईल.

ईसीजीची पट्टी या वहीत घडी करून ठेवली आहे. डॉक्टर म्हणाले, झेरॉक्स काढून ठेव, या कागदावरच्या रेघा काही दिवसांनी उडून जातात. उद्या ऑफिसच्या मशीनवर नको. कोपऱ्यावरच्या दुकानात काढते.