तुम्ही विचारलंत म्हणून: बायकोच्या नावावरची एफडी

"मॅडम, बायकोला दिलेलं गिफ्ट करमुक्त असतं ना? एफडी तिच्या नावावर, पॅनही तिचं. मग व्याज माझ्या उत्पन्नात कशाला धरता?"

गिफ्ट करमुक्तच आहे. नवऱ्याने बायकोला १५ लाख दिले, तर त्या १५ लाखांवर तिलाही कर नाही आणि त्यालाही नाही. पण ते पैसे पुढे जे व्याज मिळवतात, ते १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे देणाऱ्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुम्ही पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावता आणि मी तसं म्हटलं की "आमच्या ऑफिसात सगळेच करतात" असं ऐकवता. करत असतील. मी विनाकारण घाबरवते असंही काही जण म्हणतात, म्हणून एका जोडप्याची गोष्ट सविस्तर सांगते.

नवऱ्याने एप्रिलमध्ये वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा विकला आणि १५ लाख बायकोच्या खात्यात टाकले. तिच्याकडे आईच्या पश्चात आलेले ५ लाख होते. दोन्ही मिळून तिने ७ टक्के दराने २० लाखांची एक एफडी केली. वर्षाचं व्याज १,४०,०००. तिला दुसरं उत्पन्न नव्हतं, त्यामुळे टीडीएस कापू नये म्हणून बँकेने फॉर्म १५जी पुढे केला आणि तिने सही केली. नवरा ३० टक्क्यांच्या टप्प्यात होता. त्याच्या विवरणपत्रात या व्याजाचा उल्लेख नव्हता.

जमिनीच्या व्यवहारामुळे त्याचं प्रकरण छाननीला निघालं. विक्रीचे पैसे कुठे गेले हे दाखवताना बायकोच्या खात्यातले १५ लाख आपोआप समोर आले, आणि पुढचा प्रश्न व्याजाचा आला. तेव्हा दोघं माझ्याकडे आली. मी एफडीचे सगळे कागद मागितले, त्यात १५जीची प्रत होती. ती घेऊन बाईंनी खालचा मजकूर वाचायला सुरुवात केली. त्या छापील घोषणेत असं लिहिलेलं असतं की हे उत्पन्न कलम ६० ते ६४ खाली दुसऱ्या कोणाच्याही एकूण उत्पन्नात धरलं जाणारं नाही. म्हणजे जे खरं नव्हतं, नेमकं त्याच्याच खाली त्यांची सही होती. बँकेत कोणी ते वाचून दाखवलं नव्हतं. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं, "नोकरी सोडून मी अठरा वर्षं ह्यांचे आईवडील सांभाळले. ते पैसे मला फुकट मिळाले असं सरकार म्हणतंय का?"

कायद्याच्या भाषेत उत्तर 'हो' असंच आहे. 'पुरेसा मोबदला' घेऊन मालमत्ता दिली असेल तर हे कलम लागत नाही, पण प्रेम, आपुलकी, संसारातले कष्ट हे त्या मोबदल्यात बसत नाहीत. मी ते त्यांना सांगितलं. नवरा मध्येच म्हणाला, "मग पैसे परत माझ्याच नावावर घेऊ." त्या एकदम म्हणाल्या, "अजिबात नाही." बराच वेळ दोघं एकमेकांशी बोलली नाहीत.

खरा वाद नंतर आला. विभागाचा पवित्रा असा की एफडी एकच आहे, तर सगळं व्याज नवऱ्याचं. आईचे ५ लाख वेगळे दाखवायची जबाबदारी आमच्यावर आली. स्वतःचा पगार, माहेरून आलेलं, वारसाने मिळालेलं, यांवरचं उत्पन्न बायकोचंच असतं. कलम फक्त नवऱ्याने दिलेल्यापुरतं आहे. पण पैसे एकत्र केले की ते सिद्ध करावं लागतं. आईचं जुनं पासबुक आणि वारस म्हणून रक्कम वर्ग झाल्याची बँकेची नोंद भावाच्या कपाटात सापडली, म्हणून ३५,००० रुपयांचं व्याज बाईंचं राहिलं. उरलेले १,०५,००० नवऱ्याच्या उत्पन्नात गेले. सेससह ३१.२ टक्क्यांनी ३२,७६० रुपये कर, त्यावर व्याज, आणि उत्पन्न कमी दाखवल्याबद्दल कराच्या ५० टक्के दंडाची टांगती तलवार.

दुसऱ्या वर्षाचं विवरणपत्र भरायचं होतं. इथली गंमत नीट बघा, कारण फार थोड्या लोकांना ही माहीत असते. सोपं व्हावं म्हणून व्याज वर्षातून एकदा जमा होतं असं धरते. दुसऱ्या वर्षी २१,४०,००० वर १,४९,८०० व्याज आलं. त्यातले नवऱ्याच्या मूळ १५ लाखांवरचे १,०५,००० पुन्हा त्याच्याकडे. पण पहिल्या वर्षीच्या १,०५,००० वर जे ७,३५० व्याज मिळालं, ते बायकोचं. व्याज त्याच्या उत्पन्नात धरून कर लागला तरी ते पैसे तिचेच झाले, आणि तिच्या पैशावरचं उत्पन्न तिचं. आईच्या भागाचे ३७,४५० अर्थातच तिचे. म्हणून मी सांगते की गिफ्टची एफडी व्याज दर तिमाहीला देणारी घ्या आणि ते व्याज तिच्या वेगळ्या खात्यात साठवून त्याची वेगळी एफडी करा. पुनर्गुंतवणुकीच्या एफडीत मुद्दल आणि व्याज एक होतं, आणि पाच-सात वर्षांनी वाटे कोण करणार?

टीडीएस कापला गेला असेल तर तोही तिच्या पॅनवर दिसतो आणि कर भरतो नवरा. त्यासाठी नियम ३७बीए खाली बायको बँकेला लिहून देऊ शकते की हे उत्पन्न नवऱ्याकडे धरलं जातं, टीडीएस त्याच्या पॅनवर दाखवा. काउंटरवर हे पहिल्या फेरीत कळत नाही, पाठपुरावा करावा लागतो.

मुलांचं वेगळं आहे. अज्ञान मुलाच्या बाबतीत पैसे कोणी दिले हे बघितलंच जात नाही. आजोबांनी दिले तरी व्याज, आणि व्याजावरचं व्याजही, आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्याकडे. जुन्या करप्रणालीत दर मुलामागे १,५०० रुपयांची सूट, नव्या प्रणालीत तीही नाही. मुलाने स्वतःच्या कष्टाने किंवा कौशल्याने मिळवलेलं मात्र यात येत नाही.

व्यवसायात आले तेव्हा हे कलम बायकांचा अपमान करतं असं मी तावातावाने म्हणायची. ते पूर्ण बरोबर नव्हतं. कलम दोन्ही बाजूंनी चालतं. कमावत्या बायकोने नवऱ्याला दिले तर व्याज तिच्याकडे येतं. आणि हे कलम नसेल तर ३० टक्क्यांचा टप्पा फक्त अविवाहितांनाच उरेल, हेही मला दिसतं. तरी झळ कोणाला लागते? जिच्या नावावर दुसरं काही नाही तिला. अठरा वर्षांच्या कामाला मोबदला मानलं पाहिजे असं मला आजही वाटतं. मग त्याची किंमत कोण ठरवणार, आणि उद्या प्रत्येक नवरा तेवढ्याच रकमेचा मोबदला दाखवणार नाही का, यावर माझ्याकडे उत्तर नाही. तोवर तुमचं विवरणपत्र भरताना १,०५,००० मी तुमच्याच उत्पन्नात लिहिणार.