गल्ला डाव्या हाताला होता

खानापूर तालुक्यातल्या एका गावात किराणा दुकान चालवणारा माझा एक पेशंट आहे. वय ३४. सहा वर्षांपूर्वी फणस उतरवताना झाडावरून पडला आणि कमरेखालची सगळी संवेदना गेली. पायावर चटका बसला तरी त्याला कळत नाही, आणि बूड दुखतंय हेही कळत नाही. आपण खुर्चीत नकळत दर काही मिनिटांनी अंग हलवतो, कारण हाडाखालचं मांस तक्रार करतं. याच्याकडे ती तक्रार पोचतच नाही. दुकानात रोज दहा-अकरा तास बसणं, आणि तेही एकाच जागी.

बेळगावात मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते. तो पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा डाव्या बसण्याच्या हाडाखाली अंगठ्याच्या नखाएवढा काळसर-लाल डाग होता. बोटाने दाबून सोडलं की चांगली कातडी क्षणभर पांढरट पडते आणि परत रंग भरते. हा डाग दाबूनही तसाच राहिला, आणि बाजूच्या कातडीपेक्षा गरम आणि घट्ट लागला. सावळ्या अंगावर लाली दिसेलच असं नाही, म्हणून मी घरच्यांना नेहमी सांगते, नुसतं बघू नका, हात लावून बघा.

त्याच्या चाकाच्या खुर्चीवर हवेच्या कप्प्यांची चांगली, महागडी गादी होती. त्याआधी औषधाच्या दुकानदाराने त्याला भोकाची गोल रबरी ट्यूब दिली होती. ती अजूनही सर्रास दिली जाते याचा मला राग येतो. भोकाभोवतीच्या कड्यावर सगळा भार येतो आणि मधल्या मांसाचं रक्त अडतं. निदान ती तरी बंद झाली होती. पण नवी गादी त्याच्या भावाने सायकलच्या पंपाने फुटबॉलगत भरून ठेवली होती. “मऊ लागत होती ओ मॅडम, म्हटलं हवा गेली वाटतं.” हवेची गादी काम करते ती माणूस तिच्यात थोडा बुडाला तर, कारण तेव्हा भार मांडीवर आणि बुडावर पसरतो. कडक भरली की तो वर तरंगतो आणि सगळा भार दोन हाडांवर येतो.

मी हवा कमी केली, आणि ती कशी करायची हे भावालाही शिकवलं. पेशंट रोजच्या कपड्यांत, पाय फूटरेस्टवर ठेवून बसलेला हवा. गादी आणि बूड यांच्यामध्ये तळहात वर करून हात सरकवायचा आणि सर्वांत खाली आलेलं हाड शोधायचं. ते सापडलं की हात तिथेच ठेवून दुसऱ्या हाताने व्हॉल्व सैल करायचा आणि हवा सोडत राहायची. बोटांची टोकं जेमतेम वरखाली हलतील इथे थांबायचं. हाड आणि गादीचा तळ यांच्यात दीड ते अडीच सेंटीमीटर उरतात. बोटं मोकळी हलली तर हवा जास्त, अजिबात हलली नाहीत तर माणूस तळाला टेकला. हे मी नीट केलं होतं. मला त्याचा अभिमानही होता.

तीन आठवड्यांनी तो आला तेव्हा त्याच जागी कातडी उघडली होती. रुपयाएवढी जखम, आणि सहा आठवडे पालथं किंवा कुशीवर झोपणं. एवढे दिवस भावाने शेत सोडून गल्ल्यावर बसायचं. माझ्या डोक्यातून एक प्रश्न जाईना: हवा बरोबर होती, मग डावीकडेच का?

जखम भरल्यावर त्याला पहिल्यांदा बसवायचं होतं. ते मी क्लिनिकात न करता दुकानात केलं, पंधरा मिनिटांसाठी. हे मी आधीच करायला हवं होतं.

तो काउंटरमागे गेला आणि सवयीने डावं कोपर लाकडी गल्ल्यावर टेकलं. तराजूही डावीकडेच. सुट्टे काढायला, साखर तोलायला, आतल्या बरण्यांकडे हात करायला तो डावीकडेच झुकायचा. माझ्यासमोर क्लिनिकात मात्र सरळ, समोर बघत बसला होता, फोटोला बसावं तसा. मी त्याला म्हटलं, “दादा, चालू द्या तुमचं,” आणि डाव्या हाडाखाली हात घातला. शेजारची एक मावशी अर्धा किलो साखर मागत होती. तो झुकला आणि माझी बोटं हाड आणि तळाच्या मध्ये चेमटली, काढता येईनात. सरळ झाला की सुटली. परत झुकला की परत तसंच.

त्या गादीचे सगळे कप्पे आतून एकमेकांना जोडलेले आहेत. एका बाजूला भार गेला की तिथली हवा दुसऱ्या बाजूला निघून जाते. डावीकडे झुकलं की डावी बाजू रिकामी आणि उजवी फुगलेली. त्याने ती फुगलेली उजवी बाजू त्याला आणखी डावीकडेच ढकलणार. मी मोजलेली हवा फक्त सरळ बसलेल्या माणसासाठी बरोबर होती.

गादी उचलून पाहिली तर दुसरी गोष्ट दिसली. खुर्चीचं कापडी बैठक सहा वर्षांत झोळीसारखं खाली गेलं होतं, जास्त डावीकडेच. कव्हर घातलेल्या गादीखाली ते मला क्लिनिकात दिसलं नव्हतं, कारण मी गादी उचललीच नव्हती. शिबिरातून मिळालेली खुर्ची म्हणजे एकाच मापाची, गादीशिवाय दिलेली. देणाऱ्यांचे फोटो निघतात, नंतर ती कशी झिजते ते बघायला कोणी येत नाही.

गावातल्या सुताराकडून १२ मिलिमीटरची प्लायची फळी करून घेतली. ती बैठकीच्या दोन्ही नळ्यांवर टेकेल अशी, कोपरे गोल करून, कापडावर ठेवली. फळीने बैठक वर आली म्हणून फूटरेस्टही तेवढंच वर घ्यावं लागलं. नाहीतर पाय लोंबकळतात, माणूस पुढे घसरतो आणि भार माकडहाडावर जातो. फूटरेस्ट जास्त वर घेतलं तर उलट गुडघे उचलले जातात, मांड्या गादी सोडतात आणि भार पुन्हा बुडाच्या हाडांवर. मांडीखाली पुढच्या काठापाशी तळहात घट्ट बसून आत जातो ती उंची ठेवली.

मग गल्ला आणि तराजू त्याच्या अगदी समोर आणले. हे सुचवायला थेरपिस्ट लागत नव्हता, फक्त दुकानात जायला हवं होतं. साखर तोलताना पुन्हा हात घातला. बोटं हलली.

नवी गादी घ्यायची का, असं भावाने विचारलं. डाव्या-उजव्या बाजूची हवा वेगळी राहते अशा गाद्या मिळतात आणि त्याला ती लागूही पडेल. पण मी थांबवलं. आधी जागा बदलून काय होतं ते बघू, कारण गल्ला डावीकडेच राहिला तर तीही गादी हरेल.

हातांवर जोर देऊन अंग उचलायची सवय त्याला आधीपासून होती, तीही काही सेकंदांची. तेवढ्यात दाबलेल्या मांसात रक्त परत भरत नाही. आता उधारीची वही समोरच्या कमी उंचीच्या स्टुलावर असते. दर अर्ध्या तासाने तो वाकून, छाती मांड्यांकडे नेऊन, दोन मिनिटं हिशोब लिहितो. कधी लिहायला काही नसलं तरी वाकतो.

त्या पंधरा मिनिटांपासून सुरुवात करून आता तो सहा तास बसतो. रात्री वहिनी हात लावून आणि मोबाइलच्या उजेडात बघतात. डाग नाही. पुढच्या महिन्यात गणपती आहेत. तो म्हणतो, त्या दहा दिवसांत अकरा तास बसल्याशिवाय चालणार नाही, वर्षाचा धंदा आहे. मी आठ म्हटलंय, मध्ये तासभर कुशीवर झोपून. तो “बघू की ओ” म्हणाला, आणि मी काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही.